मंगळवार आणि शुक्रवार, सव्वाबाराची हजेरी

माझ्या मुलाला स्वमग्नता असल्याचे निदान २०२३ च्या मार्चमध्ये झाले. तेव्हा तो तीन वर्षे आठ महिन्यांचा होता, जेमतेम दहा शब्द बोलत असे, हवी ती वस्तू बोटाने दाखवत नसे आणि मिक्सर सुरू झाला की कान झाकून कोपऱ्यात बसत असे. विकासात्मक बालरोगतज्ज्ञांनी आठवड्यातून दोन सत्रे ऑक्युपेशनल थेरपीची आणि दोन स्पीच थेरपीची सुचवली. नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीतील एका कारखान्याच्या लेखा विभागात मी नोकरी करतो आणि माझी पत्नी कामठीच्या एका अनुदानित शाळेत शिक्षिका आहे. घर सुभाषनगरला, थेरपी केंद्र रामदासपेठेत. या चार ठिकाणांची आणि घड्याळाची सांगड घालण्यासाठी मला माझ्या कार्यालयाकडे कामाच्या वेळेत बदल मागावा लागला. ते मागताना मी आधी काय चुकलो आणि नंतर काय उपयोगी पडले, हे येथे नोंदवतो, कारण त्या वेळी अशी नोंद मला कुठे वाचायला मिळाली नव्हती.

एप्रिलमध्ये आम्ही संध्याकाळी साडेसहाची वेळ घेतली होती. नोकरी करणाऱ्या सर्वच पालकांना संध्याकाळच हवी असते, त्यामुळे ती वेळही आम्हाला एका कुटुंबाने सोडल्यामुळे मिळाली होती. परंतु त्या वेळेपर्यंत मूल दिवसभराचे थकलेले असे. ऑक्युपेशनल थेरपीच्या खोलीत शिरताच तो जमिनीवर लोळण घेई आणि पंचेचाळीस मिनिटांतील पंचवीस मिनिटे त्याला शांत करण्यातच जात. केंद्रातील मॅडमनी मे महिन्यात सकाळची वेळ सुचवली : मंगळवारी आणि शुक्रवारी साडेनऊ ते सव्वाअकरा, आधी ऑक्युपेशनल थेरपी आणि मध्ये थोडी विश्रांती घेऊन लगेच स्पीच थेरपी. हा क्रम महत्त्वाचा होता. झोका, चढ-उतार, जड उशांखालून सरकणे अशा हालचालींनी त्याचे शरीर स्थिरावले की पुढचा पाऊण तास तो खुर्चीवर बसू शकत असे आणि शब्दांवरचे काम बसलेल्या मुलाबरोबरच होते. मे आणि जून पत्नीच्या उन्हाळी सुट्टीचे महिने असल्यामुळे तीच त्याला सकाळी घेऊन गेली. त्या सात-आठ आठवड्यांत जो फरक दिसला तो एप्रिलमध्ये दिसला नव्हता. साबणाचे फुगे हवे असले की तो मॅडमचा हात धरून डबीवर ठेवू लागला. हे लहान वाटेल, परंतु मागणे दुसऱ्या माणसाकडे करायचे असते हे त्याला उमगल्याची ती पहिली खूण होती.

विदर्भातील शाळा उन्हामुळे उशिरा, जूनअखेरीस उघडतात. पत्नीची शाळा सुरू झाल्यावर सकाळची वेळ सांभाळणारे कोणी उरणार नव्हते. तिला राज्य शासनाची बालसंगोपन रजा मिळू शकत होती, पण ती संपूर्ण सेवाकाळासाठी एकूण १८० दिवसांची असते आणि दिवसांच्या हिशेबाने घ्यायची असते. आम्हाला दिवस नको होते, आठवड्यातील दोन सकाळी हव्या होत्या, त्याही वर्षानुवर्षे. माझी आई घरी होती, परंतु सत्राची शेवटची दहा मिनिटे पालकाला आत बोलावून घरी काय करायचे ते दाखवण्यात जातात. वस्तू देण्यापूर्वी मनात पाचपर्यंत मोजून थांबायचे, दोन वस्तू समोर धरून निवड करू द्यायची, असे ते काम असते. ते पाहून घरी तसेच करणारा माणूस रोजच्या सहवासातील आणि त्या मुलाच्या मागे धावू शकणारा हवा. आईचे गुडघे ते करू देत नव्हते. म्हणून मी जायचे ठरले.

मी पहिल्यांदा विचारले ते जूनच्या पहिल्या आठवड्यात, आणि चुकीच्या रीतीने विचारले. व्यवस्थापकांच्या टेबलापाशी उभे राहून मी म्हणालो, “सर, मुलाच्या थेरपीसाठी जुलैपासून आठवड्यातून दोनदा थोडा उशीर होईल, सांभाळून घ्याल का?” ते भले गृहस्थ आहेत. त्यांनी मुलाची चौकशी केली आणि म्हणाले, “ठीक आहे, बघू.” त्या “बघू”ला मी परवानगी समजलो. थोडा उशीर म्हणजे पावणेतीन तास, दोनदा म्हणजे कोणते वार, आणि किती महिने, यांपैकी काहीच मी सांगितले नव्हते. त्यांनी होकार दिला असता तरी कशाला दिला हे दोघांनाही सांगता आले नसते.

जुलैच्या ४ आणि ७ तारखेला मी सव्वाबाराला पोहोचलो. आमच्याकडे एक तासापेक्षा जास्त उशीर झाला की अर्धा दिवस धरतात, तसे दोन अर्धे दिवस लागले. ११ जुलै हा मंगळवार होता आणि महिन्याच्या ११ तारखेला जीएसटीआर-१ हे विक्रीचे विवरणपत्र भरण्याची अंतिम मुदत असते, हे लेखा विभागातील माणसाला सांगावे लागत नाही. मला ते ठाऊक होते, पण बहुतेक काम आदल्या संध्याकाळी संपले असल्याने मी निश्चिंत होतो. सकाळी दहाला एका मोठ्या ग्राहकाने कळवले की त्याच्या दोन बिलांवर जीएसटी क्रमांक चुकीचा पडला आहे. व्यवस्थापकांचे सात फोन आले. केंद्रात सत्र चालू असताना फोन आत नेऊ देत नाहीत, त्यामुळे ते मला सव्वाअकराला दिसले. विवरणपत्र संध्याकाळी मुदतीत भरले गेले, परंतु दुपारी सरांनी मला बोलावून जे सांगितले ते त्यांच्या बाजूने पूर्णपणे योग्य होते : “तुमची अडचण मला समजते. पण तुम्ही कधी नसणार हे मलाच माहीत नसेल तर मी दुसऱ्याला काय सांगू? बाकीचे लोक विचारून राहिले.” १४ तारखेला पत्नीने अर्धी रजा काढली. सकाळची वेळ आमच्यासाठी जुलैअखेरपर्यंतच राखून ठेवता येईल, त्यानंतर प्रतीक्षा यादीतील मुलाला द्यावी लागेल, असे केंद्राने कळवले होते.

त्या शनिवारी आणि रविवारी मी अर्ज लिहायला बसलो. पहिला मसुदा दोन पानांचा झाला आणि त्यात जवळजवळ सगळा मजकूर मुलाबद्दल होता. पत्नीने तो वाचून विचारले, “हे वाचून सरांना वाईट वाटेल, पण मंगळवारी सकाळी ट्रकचे बिल कोण करणार हे त्यांना कुठे कळते?” तिच्या या प्रश्नाने अर्जाचे स्वरूपच बदलले. मी मागील सहा आठवड्यांतील मंगळवार आणि शुक्रवार, अशा बारा सकाळी निवडल्या, त्यांतील बहुतेक दिवशी मी वेळेवर कार्यालयात होतो. ईमेल, फोनमधील नोंदी आणि माल पाठवणीची वही समोर ठेवून सकाळी साडेनऊ ते सव्वाबारा या वेळात माझ्याकडे नेमके काय काय आले ते लिहून काढले. एकूण एकतीस कामे निघाली. त्यांपैकी एकोणीस दुपारी केली असती तरी कोणाचे काही अडले नसते : पुरवठादारांच्या बिलांची पडताळणी, बँकेचा ताळमेळ, प्रवासखर्चाच्या पावत्या. सात अशी होती की ज्यांना फोनवर दोन मिनिटांत उत्तर देता आले असते. उरलेल्या पाच ठिकाणी मात्र जागेवर माणूस लागत होता, आणि त्या पाचही वेळा काम एकच होते. गाडी भरून फाटकाशी उभी असताना तिचे ई-इनव्हॉइस आणि ई-वे बिल काढणे. ते निघाल्याशिवाय गाडी हलत नाही, चालक थांबतो, वाहतूकदार थांबल्याचे पैसे मागतो. सरांना ज्याची धास्ती होती ते हेच होते, पण ती धास्ती संपूर्ण सकाळभर पसरलेली होती. यादीने ती पाच गाड्यांपुरती आणली.

या पाच गाड्यांचा उपाय मी अर्जापूर्वीच शोधला. आमच्या विभागातील एक कनिष्ठ सहकारी बिले बनवत असे, पण ई-वे बिलाच्या संकेतस्थळावर त्याला प्रवेश नव्हता. मुख्य खात्यातून उपवापरकर्ता तयार करून केवळ बिल काढण्याचा अधिकार देण्याची तेथे सोय आहे, आणि त्याला दहा मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागत नाही. मी त्या सहकाऱ्याशी आधी स्वतः बोललो. आपल्या सोयीसाठी दुसऱ्याच्या डोक्यावर काम ठेवायचे असेल तर ते त्याला साहेबांकडून कळणे बरे नव्हे. तो तयार झाला, आणि त्याची अट रास्त होती : महिनाअखेरीच्या साठा तपासणीतील त्याचा एक भाग मी घ्यावा. हीही गोष्ट मी अर्जात लिहिली.

मग तासांचा हिशेब. आमची वेळ सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी सहा, मध्ये अर्धा तास जेवण, म्हणजे दिवसाला आठ तास आणि सहा दिवसांचे अठ्ठेचाळीस. मंगळवारी आणि शुक्रवारी मी सव्वाबाराला येणार, म्हणजे दोन दिवसांत साडेपाच तास कमी. त्या दोन्ही दिवशी साडेसातपर्यंत थांबल्याने तीन तास भरून निघतात आणि अडीच तास उरतात. सोमवार, बुधवार आणि गुरुवारी पावणेनऊला आल्याने सव्वादोन तास मिळतात, आणि शनिवारी सव्वानऊला आल्याने शेवटची पंधरा मिनिटे. कोणत्याही दिवशी नऊ तासांहून अधिक काम होत नाही आणि जेवणाची सुट्टी कुठेही बुडत नाही, हे मी मुद्दाम तपासले. कारखान्यात दिवसाचे नऊ तास आणि आठवड्याचे अठ्ठेचाळीस ही त्या वेळी कायद्याची मर्यादा होती. ती ओलांडणारे वेळापत्रक मनुष्यबळ विभागाने केवळ त्या कारणानेही नाकारले असते, आणि ते योग्यच ठरले असते.

अर्जात मी दोन गोष्टी स्वतःहून मान्य केल्या. पहिली, महिन्याच्या ७, ११ आणि २० तारखेला, म्हणजे टीडीएस भरणा, जीएसटीआर-१ आणि जीएसटीआर-३बी यांच्या मुदतीच्या दिवशी, मंगळवार किंवा शुक्रवार आला तरी मी नेहमीच्या वेळेवर येईन. कॅलेंडर पाहून ऑगस्ट ते ऑक्टोबरमधील असे दोन दिवस, ११ ऑगस्ट आणि २० ऑक्टोबर, तारखेनिशी लिहून दिले. दुसरी, ही व्यवस्था १ ऑगस्ट ते ३१ ऑक्टोबर या तीन महिन्यांसाठी प्रायोगिक असावी आणि त्यानंतर आपण एकत्र बसून ती तपासावी. कायमची सवलत मागितली तर “नाही” म्हणणे सोपे असते, तीन महिन्यांच्या प्रयोगाला नकार देण्यासाठी मात्र कारण शोधावे लागते.

केंद्राकडून पत्र घेतानाही एक गोष्ट शिकलो. मॅडमनी दिलेल्या पहिल्या पत्रात निदान, तपासणीतील गुण आणि मुलाच्या वर्तनाचे तपशील होते. डॉक्टरकडे न्यायला ते उत्तम होते, पण ते माझ्या नोकरीच्या फाइलमध्ये कायम राहणार होते आणि ती फाइल कोण कोण उघडेल यावर माझा ताबा नव्हता. मुलाबद्दलची माहिती ही माझी नाही, त्याची आहे, असे मला मनापासून वाटते. म्हणून मी दुसरे पत्र मागितले. त्यात फक्त चार बाबी होत्या : बालकास विकासात्मक उपचारांची गरज आहे, सत्रे मंगळवार व शुक्रवारी साडेनऊ ते सव्वाअकरा होतात, सत्राच्या अखेरीस पालकाची उपस्थिती आवश्यक आहे, आणि सहा महिन्यांनी पुनर्मूल्यांकन होईल. कार्यालयाला निर्णय घेण्यासाठी एवढेच लागते. सरांना निदान मी तोंडी सांगितले होते, ते माझ्या इच्छेने.

कायद्याचा आधार अर्जात घ्यावा का, यावर मी बराच विचार केला. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये स्वमग्नतेचा समावेश आहे आणि वाजवी सुविधा देण्याची कल्पनाही त्यात आहे, परंतु ती दिव्यांग व्यक्तीसाठी आहे. खासगी कारखान्यात काम करणाऱ्या तिच्या पालकाने कामाची वेळ बदलून मागावी आणि मालकाने ती द्यावीच, असा थेट हक्क मला त्यात सापडला नाही. शासकीय नोकरीतील मातांची गोष्ट वेगळी आहे. नंतर, एप्रिल २०२४ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने हिमाचल प्रदेशातील एका शासकीय महाविद्यालयाच्या प्राध्यापिकेच्या प्रकरणात, दिव्यांग मुलाच्या मातेला बालसंगोपन रजा नाकारण्याबाबत राज्याला खडसावले, पण तोही प्रश्न शासनाचा आणि रजेचा होता, खासगी कंपनीतील तासांचा नव्हता. नसलेला हक्क असल्यासारखा लिहिला तर अर्ज विधी सल्लागाराकडे जातो आणि तेथे आठवडे पडून राहतो. मी विनंती म्हणून लिहिले आणि विनंतीला कामाचा आराखडा जोडला.

१७ जुलैला अर्ज दिला आणि २१ तारखेला व्यवस्थापक व मनुष्यबळ अधिकारी यांच्यासमोर बैठक झाली. मनुष्यबळ विभागातील मॅडमनी प्रथम दिव्यांग प्रमाणपत्र मागितले. ते तेव्हा आमच्याकडे नव्हते, कारण त्यासाठीचा ऑनलाइन अर्ज आम्ही केलाच नव्हता. मी सांगितले की प्राप्तिकरातील वजावटीसाठी किंवा शासकीय योजनेसाठी ते लागते आणि आम्ही ते काढणार आहोत, परंतु वेळेच्या बदलासाठी उपचार चालू असल्याचा पुरावा पुरेसा असावा. त्यांनी ते मान्य केले.

त्यानंतरचा त्यांचा प्रस्ताव वरकरणी सोपा होता : दर मंगळवारी आणि शुक्रवारी अर्धी रजा टाका. येथे मी आकडे सोबत नेले होते म्हणून बरे झाले. आठवड्याला दोन अर्धे दिवस म्हणजे एक दिवस, वर्षाला सुमारे पन्नास. माझ्या किरकोळ आणि अर्जित अशा दोन्ही रजा मिळून बावीस होत्या. म्हणजे पाच महिन्यांत रजा संपणार, मुलाला ताप आला तरी एकही शिल्लक नाही, आणि त्यानंतर बिनपगारी दिवस सुरू. शिवाय अर्ध्या दिवसाच्या रजेत कंपनीलाही माझे तेवढे तास मिळत नाहीत, माझ्या प्रस्तावात मात्र अठ्ठेचाळीसचे अठ्ठेचाळीस मिळतात. त्यांनी दुसरा पर्याय म्हणून कमी तास आणि त्या प्रमाणात कमी पगार सुचवला. एका सत्राचे सहाशे रुपये, आठवड्याला चार सत्रे, महिन्याला जवळपास दहा हजार. ज्या कारणासाठी वेळ हवा होता त्याच कारणासाठी पगारही हवा होता, हे मी स्पष्ट सांगितले.

शेवटचा प्रश्न व्यवस्थापकांचा होता : “उद्या दुसरा कोणी येऊन म्हणाला की मलाही पाहिजे, तर?” मला वाटते, अशा वेळी “माझी गोष्ट वेगळी आहे” असे म्हणण्याचा मोह होतो, आणि ते म्हणू नये. मी म्हणालो की त्यानेही आपल्या सकाळच्या कामांची अशीच यादी करावी आणि त्याचे काम अडणार नाही हे दाखवावे, ते दाखवता आले तर त्यालाही द्यावे. सर थोडा वेळ यादी चाळत राहिले. २६ जुलैला होकाराचा ईमेल आला, तीन महिन्यांसाठी.

यापुढे सर्व सुरळीत झाले असे लिहिता आले असते तर बरे झाले असते. ऑगस्टमध्ये मी ठरल्याप्रमाणे आलो-गेलो, ११ तारखेला पत्नीने रजा काढून मुलाला नेले, गाड्या थांबल्या नाहीत. ७ सप्टेंबरला पगाराची चिठ्ठी हाती आली, तेव्हा साडेतीन दिवसांचा पगार कापलेला होता. सात दिवस मी सव्वाबाराला आलो होतो आणि बोटाच्या ठशाच्या यंत्राने सातही दिवस अर्धी गैरहजेरी लावली होती. साडेसातपर्यंत थांबल्याची नोंद यंत्रात होती, पण सहानंतरच्या वेळेला मंजुरी नसल्यामुळे तिची किंमत शून्य होती. कोणाचा आकस नव्हता. ईमेल मनुष्यबळ विभागाच्या खात्यात होता आणि हजेरीची प्रणाली चालवणाऱ्या माणसाला तो कोणी पाठवलाच नव्हता. माझी वेळ संगणकात “सामान्य पाळी” अशीच राहिली होती.

हे सुधारायला दहा दिवस गेले. हजेरी प्रणालीत माझ्यासाठी तीन वेगळ्या पाळ्या तयार कराव्या लागल्या : मंगळवार-शुक्रवारची, सोमवार-बुधवार-गुरुवारची आणि शनिवारची, आणि त्या आठवड्याच्या वारांना जोडाव्या लागल्या. कापलेला पगार सप्टेंबरच्या पगारात परत मिळाला. अशी परवानगी मिळणाऱ्याने त्याच दिवशी विचारावे की हजेरीच्या प्रणालीत बदल कोण करणार आणि कोणत्या तारखेपासून, आणि पहिल्या आठवड्याच्या शेवटी आपली हजेरी पडद्यावर स्वतः पाहून घ्यावी. मी ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी ती पाहिली असती तर एकच दिवस बिघडला असता.

दुसरी अडचण मला आधी सुचलीच नव्हती. सत्र कधी कधी केंद्राकडूनच रद्द होते. मॅडम आजारी असतात किंवा प्रशिक्षणाला जातात, आणि ते सकाळी आठला कळते. अशा दिवशी साडेनऊला यावे की सव्वाबाराला? पहिल्या वेळी मी साडेनऊला गेलो, नव्या पाळीत यंत्राने मला पावणेतीन तास लवकर आलेला धरले आणि संध्याकाळी सहाला निघाल्यावर लवकर गेल्याची खूण केली. मग आम्ही लेखी ठरवले की सत्र रद्द झाले तर मी लगेच कळवेन, नेहमीच्या वेळेने काम करेन आणि मनुष्यबळ विभाग त्या दिवसाची नोंद हाताने बदलेल. तीन महिन्यांत असे तीनदा झाले. २० ऑक्टोबरच्या शुक्रवारी मात्र सत्र आमच्या बाजूने हलवावे लागले. केंद्राचा नियम चोवीस तास आधी कळवण्याचा आहे, नाही तर पूर्ण शुल्क लागते. आम्ही पंधरा दिवस आधी सांगितल्यामुळे १९ तारखेची संध्याकाळ मिळाली. तो संध्याकाळी पुन्हा रडला, पण एकाच दिवसाचा प्रश्न होता.

३१ ऑक्टोबरच्या बैठकीला मी एक पान नेले. त्यावर सरांना ज्यांची काळजी होती तेवढ्याच गोष्टी होत्या : मंगळवार-शुक्रवारच्या सकाळी निघालेल्या गाड्या अकरा, माझ्या गैरहजेरीमुळे थांबलेली एकही नाही, सर्व विवरणपत्रे मुदतीत, सत्र चालू असताना आलेले फोन चार. त्या चारांपैकी एक खरोखर तातडीचा होता आणि तोही मी लिहिला, कारण तो सरांच्या स्मरणात असणारच होता. बैठक पंधरा मिनिटांत संपली आणि व्यवस्था जून २०२४ पर्यंत वाढली. निघताना सरांनी विचारले, “पोरगा बोलून राहिला का आता?” मी सांगितले की तो “दे” म्हणतो, आणि आजीला “ये” म्हणतो.

डिसेंबरमध्ये ७ ते २० तारखेपर्यंत हिवाळी अधिवेशन होते. नागपूरकरांना सांगायला नको, यशवंत स्टेडियमवरून मोर्चे निघू लागले की धंतोली, सीताबर्डी आणि रामदासपेठेचे रस्ते कधी बंद होतील याचा भरवसा नसतो. त्या दोन आठवड्यांत चार सत्रे होती आणि दोन दिवशी मला एक वाजून गेला. या वेळी मी ते आधीच्या आठवड्यातच कळवून ठेवले होते. दुसऱ्या शुक्रवारपासून आम्ही दुचाकी घरी ठेवून मेट्रोने गेलो. दाराचा आवाज होणार म्हटले की तो आधीच कान झाकून ठेवतो, पण गाडीतून उतरायला तयार नसतो.

जून २०२४ मध्ये मुलगा शाळेच्या बालवर्गात जाऊ लागला, सकाळी साडेआठ ते बारा. सकाळची वेळ सुटली आणि केंद्राने बुधवारी व शनिवारी सव्वाचारची वेळ देऊ केली. मी पुन्हा तशीच यादी केली आणि ती या वेळी माझ्या विरुद्ध गेली. दुपारी तीन ते सहा ही गाड्या भरण्याची मुख्य वेळ आहे. आठवड्यातील दोन दुपारी मी नसणे एका सहकाऱ्यावर झेपणारे नव्हते, आणि ते माझ्याच आकड्यांत दिसत होते. म्हणून मी फक्त बुधवार मागितला : सकाळी आठला यायचे, पावणेचारला निघायचे आणि उरलेली पाऊण तासाची भरपाई तीन दिवशी पंधरा-पंधरा मिनिटे लवकर येऊन करायची. तो चार दिवसांत मंजूर झाला आणि हजेरीची नवी पाळी मी त्याच दिवशी संगणकात टाकून घेतली. शनिवारी पत्नीची शाळा सकाळची असते, त्यामुळे त्या दिवशी ती त्याला नेते आणि रात्री मॅडमनी काय दाखवले ते मला करून दाखवते.